जवळचा बुध, तापलेला शुक्र

१५ डिसेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाचं ‘व्हेनेरा ७’ हे यान शुक्राच्या वातावरणातून खाली उतरत होतं. शेवटच्या टप्प्यात पॅराशूटने दगा दिला आणि यान ताशी साठेक किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळलं. संदेश थांबले. यान गेलं असंच सगळे धरून चालले. पुढे टेपवरची नोंद बारकाईने तपासताना खरखरीच्या आड एक अगदी क्षीण संदेश सापडला, मूळच्या जेमतेम एक टक्का ताकदीचा. यान बहुधा कलंडलं होतं, अँटेना भलतीकडे वळली होती, पण आदळल्यावरही ते वीसेक मिनिटं बोलत होतं. आतली एक कळ अडकल्यामुळे ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होतं: बाहेरचं तापमान ४७५ अंश सेल्सिअस.

आज शुक्राच्या जमिनीचं सरासरी तापमान ४६४ अंश मानतात. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि जस्त ४२० अंशांना, म्हणजे दोन्ही धातू तिथे पातळ होऊन वाहतील. आणि हा काही सूर्याला चिकटलेला ग्रह नव्हे. सूर्यापासून बुधाचं सरासरी अंतर ५ कोटी ८० लाख किलोमीटर आहे, शुक्राचं जवळजवळ दुप्पट, १० कोटी ८० लाख. बुधावर दर चौरस मीटरला शुक्राच्या साडेतीन पट ऊन पडतं. तरीही बुधावर भर दुपारी पारा ४३० अंशांपर्यंतच चढतो आणि रात्री उणे १८० पर्यंत घसरतो. बुधाच्या ध्रुवांजवळच्या, कधीच ऊन न पोहोचणाऱ्या विवरांत तर चक्क बर्फ आहे.

बुधाचं गणित सोपं आहे. त्याच्याभोवती नाव घेण्याजोगी हवाच नाही. तिथला एक दिवस, म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ, पृथ्वीच्या १७६ दिवसांइतका लांब. दिवसभर जमीन भाजून निघते आणि सूर्य मावळला की कमावलेली सगळी उष्णता थेट अवकाशात जाते. अडवायला कुणी नाही.

शुक्रावर हा प्रकारच नाही. तिथे दुपार आणि मध्यरात्र, विषुववृत्त आणि ध्रुव, सगळीकडे जवळजवळ सारखंच तापमान. थोडा उतार हवा असेल तर मॅक्सवेल पर्वतावर चढावं लागेल. तो अकरा किलोमीटर उंच आहे आणि माथ्यावर ३८० अंशांच्या आसपास ‘गारवा’ आहे.

आता खरी चकित करणारी गोष्ट. शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन पचवतो. सूर्याच्या जवळ असल्यामुळे त्याच्यावर ऊन पृथ्वीच्या जवळपास दुप्पट पडतं, पण गंधकाम्लाच्या थेंबांचे दाट ढग त्याला पूर्ण झाकून असतात आणि आलेल्या उन्हातलं सुमारे तीन चतुर्थांश ते परत फेकतात. पहाटे किंवा तिन्हीसांजेला शुक्राची चांदणी इतकी लखलखते ती याच ढगांमुळे. उरलेलं ऊन ग्रहाच्या सगळ्या पृष्ठभागावर वाटलं, तर शुक्राच्या वाट्याला दर चौरस मीटरला सुमारे १६० वॅट येतात आणि पृथ्वीच्या वाट्याला २४०. वातावरण नसतं आणि चकाकी एवढीच असती, तर शुक्राचं तापमान उणे ४४ अंशांच्या आसपास राहिलं असतं. म्हणजे ४६४ अंशांमधले पाचशेहून जास्त अंश हे वातावरणाचं देणं आहे.

हे देणं कुठून येतं ते पाहण्यासाठी एक नियम पुरतो: ग्रहावर जेवढी ऊर्जा येते तेवढीच बाहेर गेली पाहिजे. कमी गेली तर ग्रह तापत राहील, आणि तापल्यावर जास्त ऊर्जा बाहेर टाकू लागेल. हा हिशेब जुळेपर्यंत तापमान चढतं. शुक्रालाही १६० वॅटच बाहेर टाकायचे आहेत. पण ४६४ अंशांना तापलेली जमीन दर चौरस मीटरला सोळा हजार वॅटपेक्षा जास्त ऊर्जा वर फेकते. त्यातला जेमतेम शंभरावा भाग शेवटी बाहेर पडतो, बाकीचा वाटेतच अडकतो.

अडवणारा मुख्य वायू कार्बन डायऑक्साइड. शुक्राच्या हवेत तो ९६ टक्क्यांहून जास्त आहे आणि ती हवाही थोडीथोडकी नाही. जमिनीवरचा दाब पृथ्वीच्या नव्वद पट, म्हणजे आपल्या समुद्रात नऊशे मीटर खोल जावं तेवढा. दृश्य प्रकाश या वायूतून जातो, पण तापलेल्या वस्तूंमधून निघणारे अवरक्त किरण ठरावीक पट्ट्यांमध्ये तो शोषून घेतो. विरळ हवेत हे पट्टे अरुंद असतात आणि मधल्या फटींतून बरीच उष्णता निसटते. दाब वाढला की रेणू सतत एकमेकांवर आदळतात आणि पट्टे रुंदावतात. उरलेल्या फटी थोडी पाण्याची वाफ, सल्फर डायऑक्साइड आणि ढग बुजवतात.

मग ऊर्जा सुटते कुठून? जिथे वर पुरेशी विरळ हवा उरली आहे तिथून. शुक्रावर ही पातळी ढगांच्या माथ्याजवळ, जमिनीपासून साधारण ६५ किलोमीटर उंचीवर आहे, आणि तिथलं तापमान उणे तीस-चाळीस अंश, म्हणजे १६० वॅट बाहेर टाकायला नेमकं हवं तेवढं. आता तिथून खाली उतरा. मुंबईहून महाबळेश्वरला जाताना जो गारवा वाढत जातो, तोच नियम उलट्या दिशेने लावायचा. शुक्रावर खाली येताना दर किलोमीटरला तापमान पावणेआठ अंशांच्या आसपास वाढतं. ६५ किलोमीटरचे झाले पाचशे अंश. उणे चाळीसमध्ये पाचशे मिळवा, ४६० येतात. एवढ्या गुंतागुंतीच्या ग्रहाचं उत्तर एका ओळीच्या गुणाकारात यावं, हे मला आजही गमतीचं वाटतं.

इथे एक शंका नेहमी येते: मग ही करामत नुसत्या दाबाचीच ना? नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, पण भरून ठेवलेलं चाक तासाभराने गारच असतं. दाब वाढताना हवा तापते, नुसता टिकून राहिला म्हणून तापलेली राहत नाही. शुक्रावर तेवढ्याच दाबाचा पण अवरक्त किरणांना पूर्ण पारदर्शक वायू असता, तर जमिनीची उष्णता सरळ वर निघून गेली असती आणि जमीन थंड राहिली असती. दाबाचं काम दोन प्रकारचं: वायूची पकड घट्ट करणं, आणि ऊर्जा सुटण्याची पातळी उंच ढकलणं.

उलट बाजूची शंकाही रास्त होती. एवढ्या ढगांखाली ऊन पोहोचतच नसेल, तर जमीन तापेल कशी? १९७२ साली ‘व्हेनेरा ८’ने खाली उतरताना प्रकाश मोजला आणि जमिनीपर्यंत थोडा उजेड येतो हे दाखवलं. एकूण उन्हाचे दोन-तीन टक्केच खाली पोहोचतात, पण परतीची वाट इतकी अडलेली असताना तेवढे पुरतात.

आता हा वायू तिथे एवढा कसा साठला? पृथ्वीवरही एकूण कार्बन डायऑक्साइड जवळपास शुक्राइतकाच आहे, फक्त तो हवेत नाही, दगडात आहे. स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडून राहिला तर बारीक बुडबुडे येतात आणि मग तिथे कायमचा पुसट डाग पडतो. ते बुडबुडे याच वायूचे, कारण शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. दहा किलो शुद्ध चुनखडीत चार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड बंदिस्त असतो. पावसाचं पाणी हवेतला हा वायू घेऊन खडकांवर पडतं, खडक झिजतात, विरघळलेले क्षार समुद्रात जातात आणि तिथे चुनखडी तयार होते. ज्वालामुखी जे बाहेर टाकतात ते असं पुन्हा दगडात जातं. या साऱ्याला द्रवरूप पाणी लागतं. शुक्राकडे ते राहिलं नाही.

पाणी जाण्याची सर्वमान्य कहाणी अशी. पाणी तापलं की वाफ वाढते, आणि वाफ स्वतःच उष्णता अडवते. म्हणून आणखी ताप, आणखी वाफ. एरवी हे चक्र कुठेतरी थांबतं, कारण तापलेला ग्रह जास्त ऊर्जा बाहेर टाकतो. पण हवा वाफेने पुरेशी भरली की बाहेर जाणाऱ्या ऊर्जेला एक कमाल मर्यादा येते, दर चौरस मीटरला साधारण २८० ते ३०० वॅट. ग्रह याहून जास्त ऊन शोषत असेल, तर जमीन कितीही तापली तरी हिशेब जुळत नाही, आणि समुद्र पूर्ण आटेपर्यंत तापमान चढतच राहतं. अँड्र्यू इंगरसॉल यांनी १९६९ साली शुक्राच्या संदर्भात हे मांडलं. बेलगाम हरितगृह परिणाम म्हणतात तो हाच. आजचा शुक्र मात्र त्या अवस्थेत नाही. त्याचा जमाखर्च केव्हाच जुळला आहे. आपण पाहतो ते वादळानंतरचं आहे.

पुरावा आहे तो हायड्रोजनमध्ये. वर पोहोचलेल्या वाफेचे रेणू अतिनील किरणांनी फुटतात आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटतो. त्याचा जड भाऊ ड्युटेरियम मागे रेंगाळतो. अमेरिकेच्या ‘पायोनियर व्हीनस’ मोहिमेने १९७८ साली मोजलं तर शुक्रावर ड्युटेरियमचं प्रमाण पृथ्वीच्या शंभर पटींहून जास्त निघालं. आज तिथली सगळी वाफ गोळा करून जमिनीवर पसरली, तर काही सेंटिमीटरचा थर होईल. पृथ्वीवर असा थर अडीच किलोमीटरहून जाड आहे.

यावरून काही मथळे ‘पृथ्वीचाही शुक्र होणार’ असं सांगून मोकळे होतात. कोळसा-तेल जाळून तसं होण्याची शक्यता अभ्यासक जवळजवळ नाकारतात. त्यासाठी सूर्यच जास्त तेजस्वी व्हावा लागेल, आणि ते तो हळूहळू होतोच आहे, पण हा मामला अब्जभर वर्षांचा आहे. आपल्याला छळायला दोन-तीन अंशांची वाढही पुरेशी आहे, तो वेगळा विषय.

शुक्रावर समुद्र खरोखर होता का, यावर मात्र एकमत नाही. काही संगणकी प्रतिरूपं म्हणतात की संथ फिरणाऱ्या शुक्राच्या दिवसाच्या बाजूवर दाट ढग जमून त्याने कोट्यवधी वर्षं समुद्र टिकवला असेल. २०२१ साली आलेलं एक प्रतिरूप उलट सांगतं: सुरुवातीची वाफ कधी थंडच झाली नाही, ढग रात्रीच्या बाजूला जमले आणि त्यांनी उष्णता कोंडून धरली, त्यामुळे पाऊस पडलाच नाही. ड्युटेरियम इथे निवाडा देऊ शकत नाही, कारण पाणी समुद्रातून गेलं असो वा नुसत्या वाफेतून, मागे उरलेली खूण सारखीच. खडक देऊ शकतात. ग्रॅनाइटसारखे खडक मोठ्या प्रमाणावर बनायला पाणी लागतं, आणि शुक्रावरचे अल्फा रीजियोसारखे जुने, सुरकुतलेले पठारी भाग तशा खडकांचे असू शकतात. नासाच्या ‘दाविंची’ मोहिमेतली कुपी नेमकी त्याच भागावर सोडायचं ठरलं आहे. तासाभराच्या उतरणीत ती हवेचे नमुने तपासेल आणि ढगांखाली आल्यावर त्या पठाराची छायाचित्रं घेईल.