दारात थांबलेली वीस मिनिटं

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून एक टेंपो किराणा माल घेऊन सकाळी ९ वाजता निघतो. चार ठिकाणी माल उतरवायचा आहे आणि प्रत्येकाने आपली वेळ सांगून ठेवली आहे. स्वारगेटचं हॉटेल ९:३० ते १०:३०. डेक्कनचा कॅफे ९ ते १०:३०. कोथरूडची खानावळ ११ ते १२, कारण त्याआधी तिथे माल घ्यायला माणूसच नसतो. औंधचं कँटीन १०:३० ते १२. शेवटी टेंपो १ वाजायच्या आत यार्डात परत हवा. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल धरले आहेत, पण हिशेब खऱ्या वाहतूकदाराचाच आहे.

हा मार्ग जमतो की नाही, हे नकाशाकडे बघून कळत नाही. वही घेऊन एकेक थांबा मांडावा लागतो.

स्वारगेटला १५ मिनिटं लागतात, म्हणजे टेंपो ९:१५ ला दारात. पण शटर ९:३० ला उघडणार, तेव्हा १५ मिनिटं थांबणं आलं. माल उतरवायला १० मिनिटं, निघाला ९:४०. डेक्कन २० मिनिटांवर; १० ला पोचला, तिथे थांबायचं कारण नाही, १५ मिनिटांत काम उरकून १०:१५ ला बाहेर. कोथरूडला २५ मिनिटांनी, म्हणजे १०:४० ला. इथे पुन्हा २० मिनिटं ताटकळणं, ११ ला काम सुरू, २० मिनिटं उतरवणं, निघाला ११:२०. औंध ३५ मिनिटांवर, पोचला ११:५५. पाच मिनिटं हातात राखून गाडी वेळेत. तिथली १५ आणि परतीची ४० मिनिटं धरली की १२:५० ला यार्डात.

सगळा खेळ एका ओळीत आहे: पोचण्याची वेळ आणि दुकान उघडण्याची वेळ, यांतली जी उशिराची, ती काम सुरू होण्याची वेळ. पुढची गणती तिथून करायची. नवशिक्याची चूक इथेच होते. तो पोचण्याच्या वेळेतच माल उतरवण्याची मिनिटं मिळवतो आणि थांबणं विसरतो. मग कागदावर गाडी औंधला ११:२० लाच पोचते आणि सगळे खूश होतात. ग्राहकाला दुसरा प्रश्नही आधीच विचारून घ्यावा: १२ म्हणजे काम १२ पर्यंत सुरू व्हायला हवं, की संपायला? ‘संपायला’ असं उत्तर आलं, तर वरचा मार्ग औंधला फसलाच. तिथे आपलं काम १२:१० ला संपतं.

आता डेक्कनला पार्किंग मिळेना आणि २० मिनिटं गेली, असं समजा. ड्रायव्हर १०:३५ ला निघून बरोबर ११ ला कोथरूडला पोचतो. खानावळ उघडते आहे, काम सुरू. उशीर कुठे गेला? दारातल्या त्या वीस मिनिटांनी तो गिळला, औंधला कुणाला पत्ताही लागला नाही. उशीर ३० मिनिटांचा असता, तर १० मिनिटं पुढे सरकली असती आणि औंधला १२:०५ झाले असते. नियोजनाच्या तक्त्यावर थांबण्याची वेळ वाया गेल्यासारखी वाटते. माझ्या मते तो या मार्गाचा विमा आहे.

किती उशीर परवडेल, हे बघायला हिशेब उलटा, शेवटापासून करतात. औंधला १२ च्या आत सुरुवात हवी, म्हणून कोथरूडला जास्तीत जास्त ११:०५, डेक्कनला १०:२५, स्वारगेटला ९:५५ आणि यार्डातून ९:४०. मालक हे बघून म्हणेल, मग ९ ला कशाला निघायचं? ९:३५ ला निघालं तर कुठेच थांबावं लागत नाही आणि औंधला तरी ११:५५ च! खरं आहे. ड्रायव्हरची ३५ मिनिटं वाचली. पण यार्डातून निघतानाच गाठीशी उरली फक्त पाच मिनिटं. स्वारगेटच्या सिग्नललाही ती जाऊ शकतात.

नवा ग्राहक मध्ये घुसवताना हीच उलटी यादी कामाला येते. कर्वे रस्त्यावरचं एक दुकान डेक्कन आणि कोथरूडच्या मध्ये घेतलं: १५ मिनिटं जायला, १० उतरवायला, १५ कोथरूडला. टेंपो १०:५५ ला खानावळीपाशी, अजून पाच मिनिटं शिल्लक. पुढचं काही बघायलाच नको, कारण ११:०५ ची मर्यादा ओलांडलेली नाही. हीच भर कोथरूडनंतर टाकली आणि तिने फक्त दहा मिनिटं वाढवली, तरी औंध हुकतं. मारियस सॉलोमन यांनी १९८७ च्या प्रसिद्ध निबंधात ही ‘पुढे ढकलण्या’ची तपासणी वापरली: नव्या थांब्यानंतर एकेका ग्राहकाची सुरुवात किती सरकते ते बघत जायचं आणि सरकणं शून्य झालं की तिथेच थांबायचं.

एवढ्यावर औंधच्या कँटीनवाल्याने फोन करून ‘आज सव्वाबारा चालतील’ म्हटलं, तरी उलट्या यादीत औंधसमोर १२:१५ लिहून चालत नाही. तिथे १२:०५ च येतात, कारण आता यार्डाचं १ वाजता बंद होणारं फाटक आडवं येतं.