करंट सोर्स बंद करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

“सर, थेव्हेनिन व्होल्टेज बरोबर आलं, पण रोध ४ ओहम येतोय आणि पुस्तकात ६ ओहम दिलाय. पुस्तकात चूक आहे का?” इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला. पुस्तक बरोबर होतं. चूक वहीतल्या एका रेघेत होती: त्याने करंट सोर्स पुसून त्या जागी सरळ तार काढली होती. ही चूक दरवर्षी कुणी ना कुणी करतं, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे सविस्तर मांडतो.

आधी थेव्हेनिनचा सिद्धांत थोडक्यात. लेआँ शार्ल थेव्हेनिन हे फ्रान्सच्या तारखात्यातले अभियंता. त्यांनी १८८३ मध्ये हा सिद्धांत प्रसिद्ध केला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी तो १८५३ मध्येच मांडला होता, पण नाव थेव्हेनिन यांचं राहिलं. सिद्धांत असं सांगतो की सोर्स आणि रोध यांचं सर्किट आत कितीही गुंतागुंतीचं असलं, तरी बाहेर आलेल्या दोन टोकांकडून पाहिलं तर ते एक बॅटरी आणि तिच्याशी एकसर जोडलेला एक रोध यांसारखंच वागतं. त्या बॅटरीचं व्होल्टेज म्हणजे थेव्हेनिन व्होल्टेज आणि तो रोध म्हणजे थेव्हेनिन रोध. हे दोन आकडे एकदा हाती आले की टोकांना कोणताही लोड जोडा, पूर्ण सर्किट पुन्हा सोडवावं लागत नाही.

आता त्या विद्यार्थ्याचं गणित. १२ व्होल्टची बॅटरी ६ ओहमच्या रोधातून ‘प’ या बिंदूला जोडली आहे. ‘प’पासून खालच्या तारेपर्यंत ३ ओहमचा रोध आहे. त्याच दोन जागांमध्ये २ अँपिअरचा करंट सोर्स आहे आणि तो करंट ‘प’मध्ये सोडतो. शेवटी ‘प’पासून ४ ओहमचा रोध बाहेरच्या ‘अ’ या टोकापर्यंत जातो. दुसरं टोक ‘ब’ खालच्या तारेवर आहे.

टोकं मोकळी असताना ४ ओहममधून करंट जात नाही, म्हणून ‘प’चं व्होल्टेज हेच थेव्हेनिन व्होल्टेज. बॅटरीकडून ६ ओहममधून आलेला करंट आणि सोर्सचे २ अँपिअर मिळून ३ ओहममधून खाली जातात. हे समीकरण सोडवलं की ८ व्होल्ट मिळतात. इथपर्यंत त्याचं बरोबर होतं.

रोध काढताना आतले सोर्स बंद करायचे, हेही त्याला माहीत होतं. त्याने दोन्ही सोर्स शॉर्ट केले. बॅटरीच्या जागी तार आली, ते योग्यच. पण करंट सोर्सच्या जागीही तार आली आणि ‘प’ थेट खालच्या तारेला जोडला गेला. त्यामुळे ६ आणि ३ ओहमचे रोध निरुपयोगी ठरले आणि उरले फक्त ४ ओहम.

मी त्याला विचारलं, “सोर्स बंद करायचा म्हणजे त्याचं काय शून्य करायचं?” सगळा नियम या प्रश्नाच्या उत्तरात आहे. प्रत्येक सोर्स एक राशी ठरवून देतो आणि बंद करताना तीच राशी शून्य करायची असते. व्होल्टेज सोर्स आपल्या टोकांमधलं व्होल्टेज ठरवतो, मग त्यातून करंट कितीही वाहो. ते व्होल्टेज शून्य केलं तर उरतो असा भाग, ज्यातून करंट कितीही गेला तरी टोकांमध्ये ० व्होल्ट असतात. असं वागते ती तार. म्हणून व्होल्टेज सोर्स शॉर्ट करायचा.

करंट सोर्सचं नेमकं उलट आहे. तो करंट ठरवतो आणि टोकांवरचं व्होल्टेज बाकीच्या सर्किटवर सोडून देतो. त्याचा करंट शून्य केला तर उरतो असा भाग, ज्यावर व्होल्टेज कितीही असलं तरी करंट ० अँपिअर. म्हणजे तुटलेली वाट. म्हणून करंट सोर्स ओपन करायचा. चित्रातून तो काढून टाकायचा आणि त्याची जागा मोकळी ठेवायची.

मिनिटाला ठरलेलं पाणी रेटणारा पंप डोळ्यांसमोर आणा. दाब कितीही असो, तो तेवढंच पाणी देतो. हा पंप ‘शून्यावर’ ठेवला तर त्यातून थेंबही जाणार नाही, म्हणजे ती नळी बंद झाली. तिथे सताड उघडी नळी जोडली, तर पाण्याला जिथून वाट नव्हती तिथून आपण नवी वाट करून दिली.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करंट सोर्सच्या टोकांना तार लावली म्हणून तो बंद होत नाही. त्याचे २ अँपिअर त्या तारेतून फिरतच राहतात. शून्य होतं ते फक्त त्याचं व्होल्टेज, आणि ते शून्य करायला आपल्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आता योग्य रीतीने पाहू. बॅटरीच्या जागी तार, करंट सोर्स काढून टाकलेला. ‘प’पासून खाली जायला दोन वाटा आहेत, ६ ओहम आणि ३ ओहम. त्या समांतर आहेत, म्हणून १८ भागिले ९, म्हणजे २ ओहम. त्यांच्याशी एकसर ४ ओहम. एकूण ६ ओहम.

उत्तर पडताळायचं असेल तर सोर्स बंद न करता ‘अ’ आणि ‘ब’ तारेने जोडलेत असं धरा आणि तारेतला करंट काढा. इथे ‘प’चं व्होल्टेज ५.३३ व्होल्ट होतं आणि ४ ओहममधून १.३३ अँपिअर जातात. ८ भागिले १.३३ म्हणजे ६ ओहम. दुसरी परीक्षा लोड लावून करता येते. टोकांना २ ओहमचा लोड जोडला आणि मूळ सर्किट सोडवलं, तर ‘प’ ६ व्होल्टवर येतो आणि लोडमधून बरोबर १ अँपिअर जातो. थेव्हेनिनने ८ भागिले ८, म्हणजे तेवढाच. चुकीचे ४ ओहम धरले तर ८ भागिले ६, म्हणजे १.३३ अँपिअर येतात. खऱ्यापेक्षा एक तृतीयांश जास्त.

चूक ओळखण्याची एक खूणही आहे. त्या चुकीच्या चित्रात ६ ओहमच्या जागी ६०० ओहम लिहिले तरी उत्तर ४ ओहमच राहतं. रोध बदलूनही उत्तर हलत नसेल, तर त्या रोधाला वळसा घालणारी तार आपणच तर काढली नाही ना, हे तपासावं.

या नियमाच्या मर्यादाही माहीत हव्यात. सोर्सला अंतर्गत रोध दिला असेल तर सोर्स जातो, रोध जागेवर राहतो. ज्या सोर्सची किंमत सर्किटमधल्याच दुसऱ्या करंट किंवा व्होल्टेजवर अवलंबून असते, असे अवलंबी सोर्स कधीच बंद करायचे नाहीत. तिथे फक्त स्वतंत्र सोर्स बंद करावेत, बाहेरच्या टोकांतून १ अँपिअर करंट आत सोडावा आणि टोकांवर किती व्होल्ट येतात ते काढावं. जितके व्होल्ट, तितके ओहम. आणि प्रयोगशाळेत खरी बॅटरी शॉर्ट करू नका. ती आधी काढून घ्या आणि तिच्या रिकाम्या जागी तार जोडा.

म्हणून पेन्सिल हाती घेतली की प्रत्येक सोर्सपाशी थांबून एवढंच विचारा: हा काय ठरवतो? व्होल्टेज ठरवत असेल तर तार काढा, करंट ठरवत असेल तर जागा मोकळी सोडा.