रिले 'टक्' का करत नाही?

बाजारात मिळणाऱ्या लहान १२ व्होल्टच्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ४०० ओहम असतो, म्हणजे तिला ३० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. मायक्रोकंट्रोलरची ५ व्होल्टची पिन तो थेट देऊ शकत नाही, म्हणून मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर येतो. प्रश्न एवढाच, की बेसला रोधक किती ओहमचा लावायचा?

पुष्कळ जण 'गेन २००' धरून बेसला ०.१५ मिलिअँपिअर पुरेल असं मानतात आणि २७ किलोओहम लावतात. पण त्याच नंबरच्या एखाद्या नगाचा गेन ११० असू शकतो. मग जेमतेम १७ मिलिअँपिअर वाहतात, कॉइलला ७ व्होल्टच मिळतात आणि रिले ओढत नाही. उरलेले ५ व्होल्ट ट्रान्झिस्टर स्वतःवर झेलत बसतो.

म्हणून स्विचसाठी गेन विसरावा आणि बेसला कलेक्टरच्या दहावा हिस्सा प्रवाह द्यावा. इथे तो ३ मिलिअँपिअर. बेस-एमिटरचे ०.७ व्होल्ट वजा केले की ४.३ उरतात, भागाकार येतो सुमारे १.४ किलोओहम. १.५ किलोओहम बेलाशक लावा. पिन ३.३ व्होल्टची असेल तर मात्र ८२० ओहम.

रिले चालू असताना कलेक्टर-एमिटरवर मीटर धरा. ०.२ व्होल्टच्या आसपास दिसले तर काम फत्ते. एकाहून जास्त असतील तर बेस उपाशी आहे. कॉइलवर उलटा डायोड हवाच.

फिलामेंटचा दिवा अधिक अवघड: थंड असताना तो नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो, तेव्हा हिशेब त्या पहिल्या क्षणाचा करावा आणि ट्रान्झिस्टरही तेवढा दमदार घ्यावा.