ताई, बँकेतली शिल्लक म्हणजे नफा नव्हे!

नाचणीच्या लाडवांचा स्टार्टअप चालवणाऱ्या एका उद्योजिकेला, तिचे हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी पाठवलेलं हे पत्र.

ताई,
स. न. वि. वि.

दर महिन्याच्या पाच तारखेला मी बिलं मागते आणि तुम्ही वैतागता. 'मार्चला सीए बघतीलच की सगळं,' असं म्हणता. पण परवा बँकेत ३ लाख ४० हजार दिसले म्हणून तुम्ही अडीच लाखांचं पॅकिंग मशीन घ्यायला निघालात, तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

मी महिना मिटवायला बसले. त्या पैशांत १ लाख १० हजार दिवाळीच्या ऑर्डरचा अॅडव्हान्स आहे. लाडू अजून वळायचेत, म्हणजे ती विक्री नाही, देणंच. बॉक्सवाल्याचे ६२ हजार द्यायचेत. बायकांचा पगार २८ हजार, जीएसटी १५ हजार. हे सगळं वजा केलं की आपले म्हणावेत असे उरतात फक्त सव्वा लाख. मशीन घेतलं असतं, तर दिवाळीचं तूप कशातून आणलं असतं?

दुसरी गोष्ट ऑनलाइन विक्रीची. कंपनी कमिशन, कुरिअर आणि परत आलेल्या मालाचे पैसे कापून उरलेली रक्कम पाठवते. जमा झाली तेवढीच विक्री लिहिली, तर मधे काय गळलं ते कधीच कळत नाही. मी पूर्ण विक्री एकीकडे आणि प्रत्येक कपात वेगळी लिहिते. म्हणूनच या महिन्यात परत आलेला माल मागच्या महिन्याच्या दुप्पट झाल्याचं दिसलं. बहुतेक लाडू वाटेत फुटले होते. दोष नव्या पातळ बॉक्सचा! मार्चमध्ये हे कळलं असतं, तर तोवर तेच बॉक्स वापरत राहिलो असतो.

तिसरी गोष्ट, बिलावर भरलेल्या जीएसटीची वजावट. बॉक्सवाल्याने आपलं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही, तर आपल्या GSTR-2B मध्ये ते येत नाही आणि वजावट अडकते. महिन्यातच लक्षात आलं तर एक फोन पुरतो. आर्थिक वर्ष संपल्यावर येणारा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न, यांतलं जे आधी, ते उलटलं की ती वजावट कायमची गेली.

तेव्हा एवढंच करा. महिनाअखेरीला कोठीतला माल मोजून कागदावर लिहा आणि पाच तारखेपर्यंत सगळी बिलं द्या, उधारीचीसुद्धा. १४ तारखेला GSTR-2B आलं की मी ते जुळवीन आणि १५ला महिन्याला कुलूप लावीन. नंतर सापडलेलं बिल पुढच्या महिन्यात जाईल. जुने आकडे मागाहून बदलले, तर भरलेल्या रिटर्नशी मेळ बसत नाही आणि दोन महिन्यांची तुलनाही फसते.

या महिन्याची कुरिअरची तीन बिलं अजून यायचीत. उद्या मुलाबरोबर पाठवा.

तुमचे हिशेब लिहिणारी