कॉलबॅकमध्ये ‘फेल’, चौकशीत ‘सक्सेस’

फराळाच्या ऑर्डर घेणारी एक साइट सांभाळणाऱ्या डेव्हलपरने पेमेंट कंपनीच्या सपोर्टला लिहिलं:

“नमस्कार. काल रात्री ८.०२ ला ८४० रुपयांच्या यूपीआय पेमेंटचा कॉलबॅक आला, त्यात `failed` होतं. म्हणून ऑर्डर रद्द केली. ८.२० ला स्टेटस एपीआय त्याच पेमेंट आयडीला `captured` म्हणतोय. ग्राहकाचे पैसेही कापले गेलेत. यातलं खरं कोणतं?”

प्रश्नातच पहिला गैरसमज आहे, की दोन्हींपैकी एक उत्तर खोटं असणार. वस्तुस्थिती अशी की दोन्ही आपापल्या वेळी खरी होती. ग्राहक पिन टाकतो, त्याची बँक पैसे कापते आणि एनपीसीआयमार्फत ते दुकानदाराच्या बँकेकडे जातात. या साखळीतलं उत्तर ठरलेल्या वेळेत परतलं नाही, तर काही पेमेंट कंपन्या तो प्रयत्न ‘फेल’ म्हणून बंद करतात. नंतर बँकेकडे विचारणा केल्यावर पैसे मिळाल्याचं कळतं आणि स्टेटस बदलतो. याला ‘लेट ऑथरायझेशन’ म्हणतात.

इथे पेमेंट आयडी एकच आहे, म्हणून हे निदान. दोन आयडी वेगळे असते, तर गोष्ट साधी होती: पहिला प्रयत्न फसला, ग्राहकाने त्याच ऑर्डरवर पुन्हा पैसे भरले. कितीतरी तक्रारी एवढ्या तपासणीतच मिटतील.

दुसरा गैरसमज म्हणजे शेवटी आलेला कॉलबॅक हीच ताजी स्थिती. आपल्या सर्व्हरने २०० दिला नाही की तोच कॉलबॅक पुन्हा पाठवला जातो, आणि क्रमाची हमी सहसा नसते. `captured` नोंदल्यावर जुना `failed` येऊन थडकू शकतो. त्याला यशस्वी नोंद पुसू देऊ नये. कॉलबॅकची सही तपासावी, मग स्टेटस विचारून रक्कम जुळवावी. ‘फेल’ आलं तरी ऑर्डर थोडा वेळ ‘प्रलंबित’ ठेवून पुन्हा विचारावं. आमच्या डेव्हलपरची चूक इथेच झाली. दुसऱ्या मिनिटाला घाई, विसाव्या मिनिटाला पश्चात्ताप.

“पैसे आपोआप परत जातील,” हा तिसरा गैरसमज ग्राहकाला सर्वांत महागात पडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, पैसे कापले गेले पण दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण `captured` म्हणजे रक्कम दुकानदाराच्या हिशेबात जमा. रद्द केलेल्या ऑर्डरचा परतावा त्यालाच सुरू करावा लागतो.

सपोर्टला लिहिताना पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी, बँकेचा बारा अंकी आरआरएन आणि दोन्ही उत्तरं वेळेसकट जशीच्या तशी द्या. सिक्रेट की मात्र ईमेलमध्ये चुकूनही चिकटवू नका.