मरूनचा झाला काथ

पत्रिकेचा रंग बिघडल्याची तक्रार घेऊन गेलं की छापखान्यातून ठरलेलं उत्तर येतं: ‘मोबाइलवर वेगळंच दिसतं हो, छपाईत थोडाफार फरक पडतोच.’ त्यातला पहिला भाग खरा आहे. पडदा रंग दाखवतो उजेडाने, कागद दाखवतो शाईने. म्हणून तक्रारीच्या पत्रात मोबाइलचं नाव काढलं, की आपली बाजू तिथेच लंगडी पडते.

भाचीच्या लग्नपत्रिका तुर्भे एमआयडीसीतल्या एका छापखान्यातून सानपाड्याला घरी आल्या आणि कव्हरवरचा मरून विड्यातल्या काथासारखा निघाला. दाजी लगेच फोन लावायला निघाले होते. मी म्हटलं, आधी पत्रिका बघू, मग लिहूनच देऊ. फोनवर भांडता येतं, पण रंग दाखवता येत नाही.

बघण्यासाठी गॅलरीतला दिवसाचा उजेड घेतला, कारण पिवळ्या बल्बखाली कुठलाही मरून तपकिरीच वाटतो. शेजारी ठेवलं ताईने सही करून दिलेलं प्रूफ. ते त्याच टेक्स्चर कार्डावर काढलेलं होतं, हे आमचं नशीब. प्रूफ गुळगुळीत आर्ट कार्डावर आणि पत्रिका खरखरीत, हस्तिदंती कार्डावर असती, तर तुलनेला अर्थच उरला नसता. असा कागद शाई पितो, शिवाय त्याची स्वतःची पिवळट छटा रंगात मिसळते.

मग पन्नास-पन्नासचे सहाही गठ्ठे सोडले. तीन गठ्ठ्यांतली कव्हरं प्रूफशी जुळत होती. चौथ्यापासून रंग उतरत गेला आणि सहाव्यात पुरता तपकिरी झाला. सगळं उत्तर इथेच होतं. फोर कलर छपाईत मरून होतो मुख्यतः किरमिजी, पिवळा आणि काळा यांच्या ठिपक्यांतून. दोष फाइलमध्ये असता तर पहिल्या पत्रिकेपासून शेवटच्यापर्यंत सारखाच दिसला असता. तसंही घडतं. संगणकावरच्या मरूनचा नेहमीचा कोड #800000. त्यात निळा प्रकाश शून्य, म्हणून छपाईसाठी बदलताना पिवळा किरमिजीच्या बरोबरीने भरला जातो आणि कागदावर विटकरी छटा येते. डिझाइन करणाऱ्याने तो पिवळा हाताने कमी करायचा असतो. आमच्या पहिल्या तीन गठ्ठ्यांचा रंग बरोबर होता, म्हणजे फाइल ठीक होती आणि प्लेटही. छपाई चालू असताना किरमिजी कमी पडत गेला होता. अख्खं कव्हर भरीव रंगाचं असलं की ती शाई भराभर संपते. किंवा मशीनवर पाणी जास्त होतं आणि शाई फिकी उतरते. मशीनमनने मधूनमधून शीट काढून पहिल्या मंजूर शीटशी ताडून बघायची असते. ते राहून गेलं असावं, पण हा अंदाज मी पत्रात घातला नाही. कारण शोधणं त्यांचं काम.

पत्रातला मुख्य मजकूर असा:

‘स. न. वि. वि. आपण छापलेल्या ३०० पत्रिकांपैकी गठ्ठा क्र. ४, ५ व ६ मधील कव्हरचा मरून रंग सही केलेल्या प्रूफशी जुळत नाही. तो तपकिरी झाला आहे. गठ्ठा क्र. १ ते ३ मधील रंग प्रूफप्रमाणे आहे. प्रूफ व पत्रिकांचे कागद एकच आहेत. प्रूफची प्रत आणि प्रत्येक गठ्ठ्यातील एक नमुना सोबत जोडला आहे. कृपया ते दिवसाच्या उजेडात पाहावेत. आतील पान निर्दोष असून ते पुन्हा छापण्याची गरज नाही. सदोष १५० कव्हरे सोनेरी फॉइलसह, जादा आकार न घेता पुन्हा छापून द्यावीत. छपाईच्या वेळी मशीनवरील पहिल्या शीटवर आमची सही घ्यावी.’

‘आतील पान निर्दोष’ हे वाक्य दाजींना खटकलं. आपणच कशाला सूट द्यायची? पण मागणी जेवढी नेमकी, तेवढी ती नाकारणं अवघड. बिलाच्या तळाशी ‘रंगात थोडाफार फरक पडू शकतो’ असं छापलेलंच होतं. ती अट प्रूफ आणि छपाई यांच्यातल्या फरकाला एक वेळ लागू होईल; पण एकाच कामातल्या दोन गठ्ठ्यांमधल्या फरकाला ती पुरत नाही. आणि हे दोन रंग एकाच सोसायटीत वाटायचे, म्हणजे शेजारच्या काकू दोन्ही पत्रिका हातात धरून विचारणारच.

मालकांनी नमुने दारात नेऊन पाहिले आणि कव्हरं पुन्हा छापायचं मान्य केलं. कार्डाचा खर्च मात्र अर्धा-अर्धा करा म्हणाले. सही केलेलं प्रूफ पुढे सरकवल्यावर तोही मुद्दा सुटला. मुदतीवर मात्र त्यांचंच ऐकावं लागलं. शाई पुरती वाळल्याशिवाय फॉइल मारलं तर ते नीट धरत नाही, वर ओली शाई मागच्या कव्हरला लागते. शिवाय खरखरीत कार्डावर ओला मरून चमकदार दिसतो आणि वाळल्यावर उतरतो. म्हणून मशीनवर सही करताना ताईने ताजं शीट प्रूफपेक्षा किंचित गडद ठेवायला लावलं. कुलदैवताची पत्रिका तोवर पहिल्या गठ्ठ्यातून काढून ठेवली होती.