भिंत रंगवण्याआधी फोटोत

इमारतीचा नवा रंग फोटोवर आधी पाहताना खरे काम रंग चढवण्याचे नसते, भिंतीवरचा उजेड आणि सावली टिकवण्याचे असते. निवडलेली छटा ब्रशने सपाट फासली, तर सज्जाखालची सावली आणि प्लास्टरचा खरखरीतपणा झाकला जातो आणि इमारत पुठ्ठ्याच्या देखाव्यासारखी दिसते. म्हणून GIMP किंवा Photoshop यांसारख्या प्रोग्राममध्ये खिडक्या, ग्रील, पाइप वगळून फक्त भिंत निवडतात, तेवढ्या भागावर नव्या रंगाचा वेगळा लेयर ठेवतात आणि त्या लेयरचा मोड Multiply करतात.

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांत साठवलेला असतो. प्रत्येक आकडा ० ते २५५. Multiply खालच्या ठिपक्याचा आकडा वरच्या रंगाच्या आकड्याने गुणतो आणि २५५ ने भागतो. त्यामुळे खाली पांढरे असेल तिथे नवा रंग जसाच्या तसा दिसतो आणि सावलीत तो त्या प्रमाणात गडद होतो. बहुतेकांची फसगत मात्र इथेच होते, कारण जुनी भिंत क्वचितच पांढरी असते.

एका फिकट पिवळ्या इमारतीला आकाशी रंग द्यायचा आहे, असे समजू. उन्हातल्या भिंतीचे आकडे २३०, २१०, १६० आहेत आणि नव्या छटेचे १५०, १९०, २२०. थेट गुणाकार केला, तर १३५, १५६, १३८ मिळतात. हिरवा आकडा आता सर्वांत मोठा आहे, म्हणजे आकाशीऐवजी मळकट हिरवट भिंत दिसते. प्रत्यक्षात असे होणार नाही. प्रायमर आणि दोन हात रंग बसल्यावर जुना पिवळा झाकलेला असेल. फोटोतूनही तो आधी काढावा लागतो.

त्यासाठी निवडलेल्या भिंतीचा रंग Desaturate वापरून घालवतात. उन्हातला भाग आता सुमारे २१० इतका करडा होतो आणि सावलीतला, समजा, ११०. पण भिंत पांढरी असती तर उन्हात किती उजळ दिसली असती? याचे उत्तर बहुधा फोटोतच असते. त्याच उन्हातला, त्याच दिशेला तोंड असलेला पांढरा कठडा शोधावा. त्याचा आकडा २४५ असेल, तर Levels मध्ये उजवीकडची मर्यादा २५५ वरून २१९ वर आणावी. २१० चे २४५ होतात आणि ११० चे १२८. आता तोच गुणाकार उन्हात १४४, १८३, २११ देतो आणि सावलीत ७५, ९५, ११०. दोन्हीकडे आकाशीच राहतो. कठडा उन्हाने पूर्ण फटक पडून २५५ झाला असेल, तर हे मोजमाप हुकते. तेव्हा थोड्या कमी उजेडात पुन्हा फोटो घेणे बरे. कठड्यावर पिवळी किंवा निळी झाक असेल, तर आधी सगळ्या फोटोचा White Balance सुधारावा. नाही तर नवी भिंत आजूबाजूच्या झाडांपासून आणि रस्त्यापासून तुटलेली दिसते.

भित्तिचित्रात यापुढे भूमितीही येते. ४० फूट रुंद आणि ३० फूट उंच भिंतीसाठी चित्र ४:३ याच प्रमाणात, म्हणजे ४००० बाय ३००० ठिपक्यांचे, तयार करावे. मग एका फुटाला १०० ठिपके येतात. भिंत तिरकस दिसत असेल, तर Perspective या साधनाने चित्राचे चार कोपरे भिंतीच्या चार कोपऱ्यांवर नेऊन बसवतात. दूरची बाजू आपोआप आखडते. ते बरोबर बसले का, हे चित्रावर फुटाफुटाची जाळी आखून कळते. सारख्या मापाच्या खिडक्या जवळ असोत वा दूर, सारखेच चौकोन व्यापायला हव्यात. चौकोन कमीजास्त भरले, तर कोपरा चुकला आहे. या जाळीवरच चेहऱ्याचा डोळा खिडकीत जातो का, हेही दिसते आणि चित्र वेळीच फूटभर सरकवता येते. ही रीत सपाट भिंतीपुरतीच चालते. पुढे आलेली बाल्कनी वेगळी निवडून तिचे कोपरे वेगळे बसवावे लागतात.

छटेचा शेवटचा निर्णय मात्र पडद्यावरून घेऊ नये. प्रत्येक पडदा रंग थोडा वेगळा दाखवतो, आणि शेड कार्डच्या छोट्या तुकड्यावर सौम्य वाटणारा रंग मोठ्या भिंतीवर, भर उन्हात, बराच उजळ आणि भडक वाटतो. फोटोवर दहा छटांतून दोन उराव्यात. त्या दोन्ही छटांचे दोन-तीन फुटी पट्टे इमारतीच्या उन्हाच्या आणि सावलीच्या अशा दोन्ही बाजूंना, प्रायमरवर दोन हात देऊन लावावेत. रंग पूर्ण वाळल्यावर ते सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडून पाहावेत.